चार नंबरच्या बेसिनखाली

आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते. तीस वर्षं त्यांनी वाफेच्या लाइनी सांभाळल्या. निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्यांच्या. तिसऱ्या आठवड्यात घालायला बिजागरी उरली नाही, तेव्हा त्यांनी मला भाजी कशी चिरायची ते सांगायला सुरुवात केली.

राहात्याला आमचं सहा खोल्यांचं लॉजिंग आहे. शिर्डीला जाणारे लोक उतरतात. ते मीच बघत होते, यांच्या नोकरीच्या काळात आणि नंतरही. नळाचं काम निघालं की एक प्लंबर चाचा यायचे. वय सत्तरीच्या आसपास, पांढरी दाढी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. आमच्या सहा खोल्यांची मूळ फिटिंग त्यांचीच. वर्षातून एकदा, न बोलावता, ते टाकी धुवायच्या दिवशी हजर व्हायचे. प्रत्येक बेसिनखाली वाकून भिंतीतला अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी तोडायची चावी, बंद करायचे, पुन्हा उघडायचे, आणि पुढच्या खोलीत जायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, चालू असलेलं बंद कशाला करता?"

"भाभी, बोअरचं पानी हाय. कॉक फिरवला न्हाई तर आत खार बसतो. मग गरज पडंल त्या दिवशी तो फिरत न्हाई."

मला ते पटलं नव्हतं. पण चहा देऊन मी गप्प बसायचे.

निवृत्तीनंतर यांनी ठरवलं की आता बाहेरचा माणूस नको. "ज्यानं बॉयलरची लाइन सांभाळली, त्याला बेसिन काय अवघड हाय?" चाचांना फोन करून त्यांनी सांगितलं, की यापुढे आम्हीच बघू. चाचा म्हणाले, "ठीक हाय साहेब." एवढंच.

मग यांनी कामं काढली. वरच्या मजल्यावर शॉवरला पाणी कमी येतं अशी पाहुण्यांची तक्रार होती, म्हणून टाकीजवळ प्रेशर पंप बसवला. शॉवर छान झाला. महिन्याभरात दोन नंबरच्या बेसिनखालचा पांढरा साधा प्लॅस्टिकचा पाईप, नळ आणि अँगल कॉक यांना जोडणारा, मधोमध फुगला. सापानं उंदीर गिळल्यासारखा. नुसत्या टाकीच्या दाबावर तो दहा वर्षं निवांत होता. पंपाच्या दाबाला तो तयार नव्हता.

"साधा पाईप म्हंजे खेळणं," हे म्हणाले आणि बाजारातून स्टीलच्या जाळीचे सहा पाईप घेऊन आले. चकचकीत. वरून बारीक तारांची वीण, आत रबरी नळी, दोन्ही टोकांना अर्ध्या इंची पितळी नट. लांबी बारा इंच. मापायचं राहून गेलं होतं. खाली बसून पाहिलं तर नळापासून कॉकपर्यंतचं अंतर तेवढंच भरत होतं, जरा जास्तच. पण हे फिटर. त्यांनी पाईप ताणून बसवले आणि नट पान्यानं आवळले, वर टेफ्लॉन टेपही गुंडाळली.

"ताणलेले दिसतात," मी म्हणाले.

"ताठ हायत. ताठ असावंच."

सहाही खोल्यांत ते पाईप तंबोऱ्याच्या तारेसारखे उभे राहिले. दोन वर्षं काही झालं नाही. या दोन वर्षांत अँगल कॉक कुणी फिरवले नाहीत, कारण चाचा येत नव्हते आणि आम्हाला कॉक फिरवायला काही कारण नव्हतं. आणि चार नंबरमध्ये मी बेसिनखाली संडास धुवायच्या ॲसिडची बाटली ठेवत होते. जागा रिकामी होती म्हणून. बाटलीचं झाकण तडकलेलं होतं. हे मी आत्ता सांगतेय, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

एका गुरुवारी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला चार नंबरमधून हाक आली. नांदेडकडचं एक वयस्कर जोडपं उतरलं होतं. आजोबा अर्ध्या गालाला साबण लावून दारात उभे होते. "बाई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचं पाणी सुटलंय."

आत जाऊन पाहिलं तर बेसिनखालचा पाईप वरच्या नटाजवळ फुटला होता आणि पाणी समोरच्या भिंतीवर मारत होतं. आजी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर देवाच्या प्रसादाची पिशवी. मी यांना हाक मारली. हे आले, बाटली बाजूला सारली, बेसिनखाली शिरले आणि कॉक फिरवायला लागले. कॉक हलला नाही.

"अहो, राहू द्या, मी वरचा बंद करते."

"थांब. हा काय मोठा लागून गेलाय."

त्यांनी मोठा पाईप पाना आणला आणि जोर दिला. तो जोर वाफेच्या व्हॉल्व्हला लागतो तेवढा होता. कट् असा आवाज आला आणि कॉक त्यांच्या हातात आला. त्याचं आट्यांचं टोक भिंतीतच राहिलं. आतापर्यंत पाणी पाईपच्या चिरेतून येत होतं, आता भिंतीतून सरळ आलं आणि यांच्या छातीवर बसलं. हे मागे पडले. हातात कॉक धरलेला, चेहऱ्यावर काहीच नाही.

"आता?" आजोबांनी विचारलं.

मी खाली पळत जाऊन आधी पंपाचं बटण बंद केलं. धार निम्मी झाली, पण टाकी भरलेली होती. मग शिडीनं गच्चीवर. टाकीखालचा मोठा कॉक मी आयुष्यात कधी फिरवला नव्हता. दर वर्षी टाकी धुताना तो फिरवला जायचा, म्हणून सहज फिरला. खाली आले तोवर पाणी जिन्यापर्यंत गेलं होतं आणि हे, आजोबा आणि आजी असे तिघं मिळून सुपलीनं पाणी लोटत होते. आजींनी साडीचा कासोटा मारला होता. त्यांना पाच नंबर दिला. आजोबांनी उरलेली दाढी तिथे बादलीतल्या पाण्यानं केली.

हे ओल्या कपड्यांतच जिन्यावर बसले. मग म्हणाले, "तू कर फोन."

चाचा तासाभरात आले. दोन वर्षांत बरेच वाकले होते. कुणाला काही न विचारता ते खोलीत गेले, उकिडवे बसले आणि फुटलेला पाईप हातात घेतला. वरच्या जाळीवर तपकिरी गंज होता, बऱ्याच तारा तुटलेल्या. त्या जागी आतलं रबर बाहेर येऊन फुटलं होतं.

"जाळी पाईपला धरून ठेवती," ते म्हणाले. "जाळी गेली की आत नुसती रबरी नळी. आखूड पाईप ताणला की नटापाशी सगळा ताण येतो. अठरा इंची पायजे हुता, जरा ढिला, वळसा घेऊन. लई लांब पण नको, दुमडतो." मग त्यांनी नटातली टेप सोडवली. "इथं टेप लागत न्हाई. नटात रबरी वायसर असतो, तोच पानी अडवतो. हातानं आवळायचा, मग पान्यानं पाव फेरा. टेप भिंतीत जानाऱ्या आट्यांना."

हे ऐकत होते. मी यांच्याकडे बघत नव्हते.

"पन दोन वर्सांत एवढा गंज कसा?" चाचांनी खाली वाकून वास घेतला. कोपऱ्यात बाटली होती. "ही कुनाची?"

"माझी," मी म्हणाले.

"ॲसिडच्या वाफेनं स्टील खाल्लं, भाभी."

यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. त्या एका क्षणी ते मला जेवढे सुखी दिसले, तेवढं सुखी मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

आता प्रश्न भिंतीतल्या तुटक्या तुकड्याचा होता. चाचांनी हॅक्सॉ ब्लेडचा, लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा, तुकडा काढला. भिंतीतल्या तुकड्याला आतून दोन खाचा पाडायच्या, मग त्याची कड आत दाबून तो बाहेर ओढायचा. खाच एक केस जास्त खोल गेली तर भिंतीतल्या एल्बोचे, पाईपच्या वळणाच्या जोडाचे, आटे कापले जाणार, आणि मग भिंतीची फरशी फोडावी लागणार. चाचांनी ब्लेड आत घातलं. त्यांचा हात थरथरत होता. ब्लेड पितळेवर टकटक वाजत होतं. त्यांनी बाहेर काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा काढलं.

मग त्यांनी ब्लेड यांच्यापुढे धरलं.

"फिटर साहेब, माझा हात आता ऱ्हात न्हाई. तुमी करा."

"मी? मीच तोडलाय तो."

"तोडला जोरानं. हे जोराचं काम न्हाई. तुमचा हात धातूतला हाय, मला ठावं हाय."

हे खाली बसले. चाचांनी टॉर्च धरला. पुढची वीस मिनिटं मी दारात उभी होते आणि आवाज फक्त ब्लेडचा होता. हे ब्लेड तीन-चारदा घासायचे, थांबायचे, बोटानं चाचपायचे. "अजून दोन," चाचा म्हणायचे. "बास. आता दुसरी." तीस वर्षं हे कारखान्यात काय करत होते ते मी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी मी डबा द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे. त्या दिवशी बेसिनखाली मला ते पहिल्यांदा दिसलं. माणूस श्वाससुद्धा मोजून घेत होता. शेवटी पकडीनं तुकडा वळवून त्यांनी बाहेर काढला आणि चाचांच्या तळहातावर ठेवला. चाचांनी एल्बोत करंगळी घालून फिरवली.

"एक आटा न्हाई तुटला," ते म्हणाले.

यांनी मान खाली घातली. रडले वगैरे नाहीत. नाक पुसलं, पण ते सकाळपासून भिजलेले होते.

नवा कॉक पाव फेऱ्यात बंद होणारा बसवला, भिंतीकडच्या आट्यांना टेप गुंडाळून, आणि त्याला अठरा इंची पाईप जोडला. मग दोघं एकेका खोलीत गेले. बाकीच्या पाचही खोल्यांतले ताणलेले पाईप काढून अठरा इंची घातले. पाच नंबरमध्ये काम चालू असताना आजोबा खुर्ची ओढून बघत बसले आणि नांदेडला आपल्या घरी पाईप कसला आहे ते आठवायचा प्रयत्न करत राहिले. त्यांना ते आठवलं नाही. चाचांनी त्यांना सांगितलं, की जाळीवर गंज, तुटलेली तार, फुगवटा, नटाशी हिरवा-पांढरा थर किंवा बोटाला ओल, यातलं एकही दिसलं तर वाट बघू नका, बदलून टाका. आणि काहीच दिसलं नाही तरी पाच वर्षांनी बदला. आजोबांनी हे सगळं डायरीत लिहून घेतलं.

मी ॲसिडची बाटली मागच्या अंगणात नेऊन ठेवली. त्याबद्दल यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात चाचांना एका शाळेतलं काम आलं. ते आमच्याकडे आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "साहेब, एकट्यानं व्हायचं न्हाई. येता का?" हे चहा अर्धा टाकून उठले. तेव्हापासून दोघं स्कूटरवर जातात. हे चालवतात, चाचा मागे बसून रस्ता सांगतात, जो यांना माहीत असतो. कुठलं माप लागेल ते चाचा नुसतं बघून सांगतात, हे टेप लावून मोजतात, आणि चाचांचं बरोबर निघालं की ते दिवसभर यांना ऐकवतात. बसवलेल्या प्रत्येक पाईपला हे कारखान्यातल्यासारखी चिठ्ठी बांधतात, त्यावर तारीख. लोक हसतात. मग जपून ठेवतात.

मला आता भाजी कशी चिरायची ते कुणी सांगत नाही. मी माझ्या पद्धतीनं चिरते. दुपारी दोनपर्यंत घरात कुणी नसतं.