बाँ कुराजचा मी सांगितलेला अर्थ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. बाबांना तर नाहीच — आणि आता बाबाही राहिले नाहीत. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आमचं घर परदेशात, क्लेमेंटीच्या एका सरकारी ब्लॉकमध्ये. बाबा पुण्याहून आलेले इंजिनिअर, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे एक वेताची छडी — लाल प्लास्टिकच्या मुठीची, ब्लॉकखालच्या दुकानात मिळते तसली. ती माझ्यासाठी होती. गणितात मार्क गेले की पोटऱ्यांवर, उलट बोललो की पाठीवर. वळ आधी लाल, मग निळे. धाकटी केतकी तेव्हा जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत बसलेली असायची, मान खाली घालून. तिला कधी साधी चापट बसली नाही. पहिली यायची ना ती! एकदा मी तिची बोटं ड्रॉवरमध्ये चेमटवली. मुद्दाम. नखातून रक्त आलं, आणि मी म्हणालो, चुकून झालं. तिनं ते खरं मानलं. ती माझं सगळंच खरं मानायची.

पुढे मी कसाबसा अकाउंटंट झालो आणि पाया लेबारच्या एका फ्रेंच कंपनीच्या ऑफिसात चिकटलो. केतकी युनिव्हर्सिटीतून एका सेमिस्टरसाठी फ्रान्सला गेली. बाबांनी ही बातमी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितली. माझ्या पोटात दुखत होतं — सरळच सांगतो.

एका संध्याकाळी मी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, जेवत होतो, तेव्हा तिचा फोन आला. तिच्याकडे दुपार होती. आवाज रडवेला. म्हणाली, इथे प्रत्येक पेपरच्या आधी सगळे मला बाँ कुराज म्हणतात. प्रोफेसर पेपर वाटताना म्हणतात, कँटीनमधली बाई म्हणते, फ्लॅटमधली एलोडी तर दारापर्यंत येऊन म्हणते. आपण ऑल द बेस्ट म्हणतो, तसं शुभेच्छांचं यांच्याकडे काही नाही का? धीर धर काय म्हणतात सारखं? आणि पहिल्या पेपरात वीसपैकी अकरा पडले होते. अकरा! तिला आयुष्यात कधी इतके कमी मार्क पडले नव्हते.

आता नीट ऐका, कारण मला खरं काय ते माहीत होतं. अगदी व्यवस्थित माहीत होतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या फ्रेंच मातिल्दनं मला ते पहिल्याच महिनाअखेरीला समजावलं होतं. पुढ्यात कष्टाचं काम असेल, जे ज्याचं त्यालाच रेटायचंय, तिथे बाँ कुराज. हिशेब बंद करायला बसलेल्याला, लादी पुसणाऱ्या बाईला, घर हलवणाऱ्याला, आजाऱ्याला, परीक्षेला निघालेल्याला. नशिबाची शुभेच्छा त्यांच्याकडेही आहे — बॉन शाँस — पण ती जिथे निकाल आपल्या हातात नाही तिथे शोभते, लॉटरीला वगैरे. अभ्यास केलेल्या माणसाला नशीब कशाला द्यायचं? परीक्षेआधी तसं म्हणणं अपशकुनी मानणारेही आहेत. पोरं आपसात त्याऐवजी एक शिवी हासडतात, आणि त्या शिवीवर थँक्यू म्हणायचं नसतं. बाँ कुराजवर मात्र मेर्सी म्हणायचं आणि कामाला लागायचं. मार्कांचंही मला ठाऊक होतं. वीसपैकी दहाला पास, चौदा म्हणजे उत्तम, वीस बहुधा कुणालाच नाही. अकरा म्हणजे परक्या भाषेत पेपर लिहिणाऱ्या मुलीनं चांगलंच निभावलं होतं.

एवढं सगळं जिभेवर होतं. आणि मी काय सांगितलं?

"ज्याची काही आशा नाही त्याला म्हणतात तसं. ज्याला चान्स असतो त्याला बॉन शाँस म्हणतात."

ती मग म्हणाली, "म्हणजे मी नापास होणार हे त्यांना सगळ्यांना माहितीये?"

मी हो म्हणालो. मग उरलेला भात खाल्ला. चवीनं खाल्ला — हेही सांगायला हवं.

पुढचं मला तिच्या वकिलाच्या कागदांतून कळलं. शेवटच्या पेपरच्या सकाळी एलोडी स्वयंपाकघरात धिरडं घालत होती, केतकीसाठीच. तिनं ताटली पुढे केली आणि हसून म्हणाली, बाँ कुराज. केतकीनं शेगडीवरचा लोखंडी तवा उचलला आणि तिच्या तोंडावर मारला. एलोडी खाली पडली, तर पुन्हा मारला. गालाचं हाड फुटलं. चटक्यानं डावा डोळा गेला. शेजाऱ्यांनी दार तोडलं, तेव्हा केतकी तवा हातात धरून उभी होती आणि तिचा स्वतःचा तळवा भाजून सोलला होता. तिथल्या कोर्टानं तुरुंगाची शिक्षा स्थगित ठेवली, इथल्या युनिव्हर्सिटीनं नाव काढून टाकलं, आणि ती घरी आली.

बाबांनी दारामागची छडी काढली. एवढ्या मोठ्या मुलीवर! "का केलंस?" एक फटका. "का केलंस?" दुसरा. खांदे, दंड, मान. आई मध्ये पडली, तिलाही बसले. केतकी एवढंच म्हणाली की एलोडी मला रोज हिणवायची. मी कुठे होतो? तिथेच. टेबलाशी बसलो होतो, मान खाली घालून, पूर्वी ती बसायची त्याच खुर्चीवर. छडी मोडली तेव्हा बाबा थांबले.

नंतर मी तिच्या पाठीला मलम लावलं. मला भीती होती, ती माझं नाव घेईल. ती म्हणाली, "तू तर फक्त खरं काय ते सांगितलंस, दादा."

तेव्हाच बोलायचं होतं. मलमाची ट्यूब हातात होती, खोलीत आम्ही दोघंच. मी झाकण लावलं.

ती परत कधी परीक्षेला बसली नाही. मॉलमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी असते. अशी हुशार मुलगी! माझं ऑफिस त्याच मॉलच्या वरच्या मजल्यावर आहे, कधीकधी तिला जेवायला नेतो, बिल मी देतो.

मागच्या महिन्यात बाबा गेले. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, त्यांना ठेवलं होतं. ऑफिसातून मातिल्द आली. तिनं केतकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच म्हणाली, "बाँ कुराज."

केतकीनं समईशेजारचा पितळी तांब्या उचलला. मी मधे झेपावलो, मनगट धरून पिरगाळलं — असं पिरगाळलं की तांब्या पडला आणि ती गुडघ्यांवर आली. पाणी सगळीकडे सांडलं. मातिल्द बिचारी, तिला वाटलं दुःखानं चक्कर आली. तिनं केतकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आईजवळ गेली, तिलाही तेच म्हणाली. मलाही. जाताना, प्लास्टिकच्या खुर्च्या रचणाऱ्या म्हाताऱ्या अंकलनाही तेच म्हणाली.

केतकी जमिनीवर बसून हे सगळं बघत होती. मनगटावर माझी बोटं उमटली होती.

"दादा," ती म्हणाली, "इथे कोण नापास होणार होतं?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी फडकं आणलं आणि सांडलेलं पाणी पुसायला लागलो.