बाहेर राहिलेले काजू

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काकू एकोणीस वर्षं होत्या. नवरा गेला आणि मुलगी लग्न होऊन लांब गेली, तेव्हा पोटासाठी म्हणून त्या इथे आल्या होत्या. पुढे पोटाचं नुसतं निमित्त राहिलं आणि जीव इथेच गुंतला. एकतीस म्हातारी माणसं होती आणि एकतीस तऱ्हा. कुणाला मीठ चालत नव्हतं, कुणाला साखर, कुणाचं पोट नाजूक तर कुणाची कवळीच हरवलेली. काकूंना सगळं तोंडपाठ होतं. मॅनेजर साहेब गमतीने म्हणायचे, "फायली कशाला ठेवायच्या? काकूंनाच विचारा."

त्या एकतीस जणांत एक होते टेलरमास्तर. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि शेवटी हातालाच कापरं भरलं. सुईत दोरा ओवता येईना, पण नुसतं बसवेना. म्हणून रोज नाश्ता झाला की ते काठी टेकत स्वयंपाकघरात यायचे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "काय निवडायचंय?" काकू त्यांच्यापुढे ताटात मसूर, वाटाणे, तांदूळ, जे असेल ते ओतायच्या. कापऱ्या बोटांनी एक एक खडा काढायला मास्तरांना तासभर लागायचा. काकूंना ते काम दहा मिनिटांचं होतं. पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

"काकू, तुमच्या मसुरात खडे कमी आणि माझ्या नशिबात जास्त," मास्तर म्हणायचे.

"मग नशीब आणा इकडे, तेही निवडून देते," काकू म्हणायच्या.

एवढंच. याहून जास्त त्यांच्यात कधी काही बोललं गेलं नाही. पण मास्तरांना सर्दी झाली आणि ते दोन दिवस आले नाहीत, की काकूंच्या हातून भाजीत हटकून मीठ जास्त पडायचं.

मास्तरांना दात नव्हते आणि मूत्रपिंडंही थकली होती. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडं सत्त्वाचं काहीतरी मऊ करून द्या. तेव्हापासून काकू काजू भिजवून, बारीक वाटून त्याची दाट साय करायच्या आणि सकाळच्या ओट्सवर वरून घालायच्या. दात नसलेली अशी सहा माणसं होती. सहा वाट्या. मास्तरांच्या वाटीत साय चमचाभर जास्त पडायची. ते सगळ्यांना दिसायचं आणि कुणी काही बोलायचं नाही.

भिजवण्याच्या बाबतीत काकू काटेकोर होत्या. पूर्वी त्याही सगळ्यांसारख्याच ओट्यावर पातेलं ठेवून, वर ताटली झाकून घरी जायच्या. मग कधीतरी आरोग्य खात्याच्या बाईंनी सगळ्या स्वयंपाक्यांना बसवून समजावलं होतं. थंडीत चालून जातं, उकाड्यात नाही. गरम दिवसांत भिजलेलं कडधान्य दोन, फार तर चार तास बाहेर, त्यापुढे फ्रिज. रात्रभर भिजवायचं असेल तर पहिल्यापासूनच फ्रिजमध्ये ठेवा. थंड पाण्यात भिजायला वेळ जास्त लागतो, तेवढाच काय तो तोटा. काकूंनी तो नियम पाळला. पाणी बदलायच्या, पातेलं झाकायच्या, फेस दिसला किंवा आंबूस वास आला तर जीव तुटला तरी फेकून द्यायच्या. घाई असली तर चणे उकळत्या पाण्यात टाकून तासभर झाकून ठेवायच्या आणि मग शिजवायच्या.

म्हणजे काकूंना माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. तेच तर त्यांना पुढे जन्मभर टोचत राहिलं.

त्या उन्हाळ्यात दोनातला एक फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत होता. उन्हाने तर कहर केला होता. संध्याकाळी सातलाही भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. दोन आजींना चक्कर आली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळ्यांना सारखं गार पाणी द्या.

काकूंनी पाण्याच्या बाटल्या भरल्या. उरलेल्या फ्रिजमध्ये दूध होतं, औषधं होती, चिरलेल्या भाज्या होत्या आणि खालच्या फळीवर आत्ताच भिजत घातलेले काजू. बाटल्या काही केल्या मावेनात. त्यांनी एकदा दुधाकडे पाहिलं, एकदा काजूंकडे. दूध बाहेर ठेवलं तर नासेल, हे सांगायला कुणी नको. काजू तर काजूच. एक रात्र. त्यांनी पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं, वर ताटली झाकली आणि फ्रिजमधल्या मोकळ्या जागेत सहा बाटल्या उभ्या केल्या.

सकाळी सहाला त्या आल्या तेव्हा स्वयंपाकघर रात्रभर बंद राहून भट्टीसारखं झालं होतं. ताटली उचलली. पाण्यावर कडेने चार बुडबुडे होते. त्यांनी वास घेतला. किंचित काहीतरी होतं, किंवा नव्हतंही. दुसऱ्या कुठल्याही सकाळी त्यांनी ते ओतून दिलं असतं. पण डब्यात दुसरे काजू उरले नव्हते, आणि मास्तर कालपासून म्हणत होते, "उन्हाने तोंडाची चव गेली हो, फक्त ती साय तेवढी जाते घशाखाली."

काकूंनी काजू तीन पाण्यांनी धुतले. वाटले. सहा वाट्यांवर साय पडली. रोजच्या रिवाजाप्रमाणे, प्रत्येक पदार्थाचा नमुना म्हणून एक वाटी झाकून, तारीख घालून फ्रिजमध्ये ठेवली.

मास्तरांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली. "आज जरा आंबटसर आहे," ते म्हणाले. "पण छान आहे."

दुपारपर्यंत सहाही जणांना उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. डॉक्टर आले, सलाइन लागलं, रुग्णवाहिका दोनदा येऊन गेली. पाच जण तीन-चार दिवसांत सावरले. मास्तरांच्या अंगात मुळातच पाणी कमी होतं आणि मूत्रपिंडं थकलेली. त्यांनी दुसऱ्या दिवशी कुणाला ओळखलं नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मॅनेजर साहेब वाईट माणूस नव्हते. ते स्वयंपाकघरात आले, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, दुपारी सरकारी तपासणीस बाई येतायत. या उन्हात पाण्यानेही होतं असं. कशानेही होतं. ती नमुन्याची वाटी... चुकून घासायला गेली असं होऊ शकतं ना?"

काकूंनी फ्रिज उघडून वाटी जागेवर आहे का ते पाहिलं. मग म्हणाल्या, "होऊ शकतं. पण गेलेली नाही."

"आश्रम बंद पडला तर या माणसांनी जायचं कुठे? तुम्ही कुठे जाल?"

"साहेब, वाटी घासली तर पुढच्या उन्हाळ्यात मीच पुन्हा काजू बाहेर ठेवीन. आणि मनात म्हणेन, त्या वेळी पाण्यानेच झालं होतं."

त्यांनी स्वतःच्या हाताने वाटी तपासणीस बाईंना दिली आणि बाटल्यांपासून बुडबुड्यांपर्यंत सगळं सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही.

पाच-सहा दिवसांनी अहवाल आला. सायीत जंतू बुजबुजले होते. तपासणीस बाईंनी काकूंना समोर बसवलं.

"अकरा तास, तेही अशा उष्म्यात. कोरडे काजू महिनोन्महिने टिकतात, पण एकदा पाणी प्यायले की तेही दुधासारखेच नाजूक."

"तीन पाण्यांनी धुतले होते, बाई."

"धुऊन जंतू जात नाहीत. आणि कडधान्य निदान शिजतं तरी, काजू तुम्ही कच्चेच वाटले."

"उकळले असते तर?" काकूंनी विचारलं. त्यांना कुठेतरी एक फट हवी होती.

बाईंनी मान हलवली. "जंतू मेले असते. पण काही जंतू मागे विष सोडतात, ते उकळूनही जात नाही. जे आंबलं ते फेकायचंच, काकू. दुसरा उपाय नाही."

"म्हणजे मी मारलं मास्तरांना."

बाईंनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. "म्हातारपण होतं, आजार होता, ऊन होतं," त्या म्हणाल्या. "आणि हेही होतं."

मास्तरांची लेक सामान न्यायला आली. सामान ते काय? दोन सदरे, एक चष्मा आणि एक कात्री. काकू दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांनी सांगितलं होतं, तिच्यासमोर जाऊ नका. त्या गेल्या.

"मी स्वयंपाक करते इथे. ते काजू मीच बाहेर ठेवले होते."

लेकीने हातातली कात्री खाली ठेवली. पन्नाशीची बाई, बापासारखंच टोकदार नाक. "फोनवर बाबा तुमच्याबद्दलच बोलायचे," ती म्हणाली. "मी म्हणायची, माझ्याकडे राहायला या. तर म्हणायचे, इथे माझ्यावाचून धान्य निवडायचं अडतं."

तिने चष्मा पिशवीत ठेवला आणि वर पाहिलं.

"अडायचं का खरंच?"

"अडायचं," काकू म्हणाल्या. आयुष्यात सांगितलेलं ते एक खोटं त्यांना खऱ्याहून खरं वाटलं.

लेक रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही लपवलं नाहीत, हे मला कळतं. पण माफ केलं असं म्हणायला तोंड उघडत नाही माझं. रागावू नका."

"नका म्हणू," काकू म्हणाल्या. "मलाही ते ऐकवणार नाही."

आश्रम बंद पडला नाही. दंड झाला, लेखी ताकीद मिळाली आणि दोन नवे फ्रिज आले. त्यातला एक फक्त पाण्यासाठी. काकूंना कुणी काढलं नाही. त्यांनी स्वतःच स्वयंपाकघर सोडलं आणि कपडे धुण्याच्या खोलीत काम मागून घेतलं. जी सहा माणसं ती साय खाऊन आजारी पडली होती, त्यातल्या एका आजीने निरोप पाठवला, "तिला म्हणावं, परत ये. नव्या बाईच्या हाताला चव नाही." काकूंनी निरोप ऐकला आणि चादरी पिळत राहिल्या.

नवी स्वयंपाकीण तरुण होती, चुणचुणीत होती. पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती धुण्याच्या खोलीशी आली. "काकू, राजमा भिजत घालतेय. सकाळी लवकर यायचंय, तोवर ओट्यावर राहिला तर चालेल ना? रात्रीपुरतं?"

काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि तिच्यासोबत गेल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघराच्या दारातून आत आल्या होत्या. त्यांनी फ्रिज उघडला, फळी रिकामी केली, पातेलं आत सरकवलं आणि दार नीट लागलंय का ते दोनदा ओढून पाहिलं.

"सकाळी हे पाणी ओतून दे," त्या म्हणाल्या. "नव्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळ, मग मऊ होईपर्यंत शिजव. आणि शंका आली तर फेक. कुणी रागावलं तर माझं नाव सांग."

"एवढ्याशा राजम्यासाठी?" मुलगी हसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. पण हुंदका आधी आला. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या, आणि ती बिचारी पोर घाबरून पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.