कंप्रेसर बंद झाला ती दुपार

हमरापूरमध्ये श्रावणात शांतता मागणं म्हणजे समुद्राकडे गोडं पाणी मागणं. घरोघरी गणपतीचे कारखाने, प्रत्येक कारखान्यात रंगाची फवारणी, आणि फवारणीसाठी कंप्रेसर. आमचाही कारखाना घरालाच लागून आहे आणि त्याच्या भिंतीपलीकडे गोठा. गोठ्यात आमची एकच गाय.

मागच्या खेपेला ती याच गोंगाटात व्यायली होती. कळ आली की आडवी व्हायची, पलीकडे कंप्रेसर घरघरला की दचकून उठायची. उठली की कळ थांबायची. वासरू बाहेर यायला इतका उशीर झाला की त्याने श्वासच घेतला नाही. मी त्याच्या नाकातला चिकट स्राव पुसत राहिले, छाती चोळत राहिले. नंतर चार दिवस गाय रिकाम्या पेंढ्याला हुंगत हंबरायची. ते ऐकून मी स्वतःला बरंच बोलून घेतलं.

म्हणून या खेपेला मी आधीपासून डोळ्यांत तेल घालून होते. पंधरा दिवसांत कास भरत आली. मग सड ताठ, चकचकीत झाले. रोज सकाळी मी तिच्या शेपटीच्या मुळाशी हात लावून पाहायची. तिथे दोन्ही बाजूंना दोरीसारखे घट्ट बंध असतात. वेळ जवळ आली की ते सैल पडतात आणि तिथे खळगे दिसतात.

गोठ्याचा अर्धा भाग तिच्यासाठी वेगळा केला. जुनं शेण खरवडलं, फरशी धुतली, चुना मारला. इथेच माझं चुकलं. एवढ्या पावसात फरशी वाळणार कशी? ओल्या फरशीवर गाय घसरली तर सगळंच ओमफस. शेवटी मूर्ती वाळवायचा मोठा पंखा मी कारखान्यातून उचलून आणला. नवरा म्हणाला, "गणपतीचा वारा गाईला घालतेस गो." मी म्हटलं, त्याला उंदीर चालतो, मग गाय का नाही चालणार? दोन दिवसांत फरशी कोरडी ठणठणीत झाली. तिच्यावर मी गुडघाभर सुका पेंढा पसरला. तिला लागू नये म्हणून भिंतीतला एक खिळा उपटला आणि तिची दोरी सोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तर बंध हाताला लागेचनात. गाईने चारा हुंगून सोडला. दुपारी ती उठबस करू लागली आणि मागून काचेसारखी पारदर्शक चिकट तार लोंबू लागली. पलीकडे कंप्रेसर सुरूच होता आणि ती पुन्हा तशीच दचकून उठत होती.

मी कारखान्यात गेले, कंप्रेसर बंद करायला सांगितलं. नवऱ्याने हात जोडले. संध्याकाळी गाडी येणार, मुकुट आणि सोंड रंगवायची राहिलेली, थोडा वेळ थांब म्हणाला. त्याचंही खरंच होतं. वर्षभराची भाकरी याच महिन्यावर असते.

सासरे कोपऱ्यात डोळ्यांची आखणी करत बसले होते. पन्नास वर्षं ते डोळेच काढतात. गावात त्यांच्या हाताला तोड नाही. त्यांनी ब्रश वाटीत ठेवला, उठले आणि कंप्रेसरचं बटण बंद केलं.

"गाडी उद्या येईल," ते नवऱ्याला म्हणाले. "गाय उद्यापर्यंत थांबायची नाय. सगळ्यांनी हातात ब्रश घ्या नि गप बसा."

गोठ्यात शांतता झाली. दूरच्या घरांचे कंप्रेसर पत्र्यावरच्या पावसात बुडून गेले, पाऊस तेवढा ऐकू येत होता. मी दाराआड उभी राहिले, पुढे गेले नाही. थोड्या वेळाने गाय आडवी झाली आणि या वेळी उठली नाही. पाण्याची पिशवी फुटली. मग पांढरट पिवळे दोन खूर दिसले, तळवे खाली असलेले. त्यांच्यावर टेकलेलं नाक दिसलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सरळ येत होतं. एक मोठी कळ आली, आणि सगळं वासरू पेंढ्यावर घसरलं.

मी आत धावले. नाकातोंडातला चिकटा पुसला. दोन क्षण काहीच नाही. मग त्याने शिंकून मान झटकली. मी तिथेच पेंढ्यात बसून रडले. गाय चाटायला आली, तेव्हा मी बाजूला झाले, नाळेला आयोडीन लावलं आणि हात आवरते घेतले. तासाभरात ते चारदा पडून पाचव्यांदा उभं राहिलं आणि लटपटत सडाला लागलं. अख्खा गोठा चिकाच्या वासाने भरून गेला होता.

चीक पिऊन वासराने मान वर केली, तर दारात सासरे उभे होते. हातात तो बारीक ब्रश तसाच. वासरू त्यांच्याकडे पाहत राहिलं. काळेभोर, ओले डोळे, आणि पापणीच्या कडेला पांढरी रेघ.

ते दारातच वाकून त्या डोळ्यांकडे पाहत राहिले. मग ब्रश कानामागे खोचून म्हणाले, "इतकी वर्षं काढतोय गो. असे एकदाही नाय जमले."