काजवालीचा मेहर

काझींच्या कचेरीत बावीस वर्षं कारकुनी केली की माणसाला रडणं आणि खोटं बोलणं दोन्ही अंगवळणी पडतं. काजवालीने या दोन्हींतलं काहीच केलं नाही, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली. ती शिंप्याच्या दुकानात बसून हाताने काजं करायची. तोंडाने फटकळ. तिशी उलटल्यावर एका घड्याळजीशी लग्न ठरलं, तेव्हा तिने मेहर म्हणून त्याचं राहतं घरच मागितलं: तलाक झाला किंवा नवरा गेला, तर घर तिचं. भाड्याच्या खोल्या बदलता बदलता तिची आई संपली होती. घड्याळजीने मान डोलावली आणि निकाहनाम्यात ते मीच लिहिलं.

नवव्या दिवशी घड्याळजीने तलाक दिला.

घड्याळजी आणि त्याची आई, दोघं कचेरीत आले. लेक खाली बघत बसला, बोलत होती ती आई. लेकाने बायकोला हात लावलेला नाही, तेव्हा मेहर अर्धा, इद्दत म्हणजे तलाकनंतर बायकोने थांबायची मुदत नाही आणि इद्दतीचा खर्चही नाही, असं तिचं म्हणणं. काजवाली म्हणाली, हात लावला नाही हे खरं, पण आठ दिवस आम्ही दोघंच दार लावून एका खोलीत राहिलो. काझीसाहेबांनी मान डोलावली. आमच्या कायद्यात नवरा-बायको असे आडकाठीशिवाय एकांतात राहिले, तर स्पर्श झाला नसला तरी मेहर पूर्ण द्यावा लागतो.

सासू याचीच वाट बघत असावी.

"दोघं कुठली? माझी बहीण होती तिथे, पडद्यामागे. आंधळी आहे, अंथरुणाला खिळलीय, पण माणूसच ना ती?"

तिसरं माणूस आंधळं असो वा झोपलेलं, एकांत मोडतो. हे त्या बाईला कुणी पढवलं होतं कुणास ठाऊक. खोलीत तिसरं कुणी होतं का, हे काझींनी काजवालीला शपथ घालून विचारलं. एक 'नाही' म्हटलं असतं तर काम झालं असतं.

"पडदा मी पहिल्याच दिवशी उचलला होता," ती म्हणाली. "खाट रिकामी होती. पण श्वास ऐकू यायचा. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा, अडकत अडकत."

मला तिचा भयंकर राग आला. घर हाताशी आलेलं, आणि ही बाई श्वासाच्या गोष्टी सांगते!

घड्याळजीच्या या खालाला, म्हणजे मावशीला, बघून यायला काझींनी मलाच पाठवलं. भर दुपारची वेळ. सासूने पडदा सारला. खाटेवर स्वच्छ चादर, उशीला मधोमध खळगा, उशाशी पाण्याचा पेला. माणूस नव्हतं. "झोपलीय," सासू कुजबुजली. खोटं सांगत नाही, मीही आवाज खाली आणला. उशीवर हात ठेवला, तर ती कोमट लागली. पुढे काहीही न विचारता मी चपला घालून तडक कबरस्तानात गेलो. तिथल्या वहीत खालाचं नाव सापडलं. तिला पुरून चार वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी काझींनी वही उघडून आई-लेकासमोर धरली. सासूने तोंड फिरवलं. घड्याळजी पहिल्यांदाच बोलला.

"ती जागी असायची, काझीसाहेब. मी बायकोकडे वळलो की श्वास थांबायचा. मग कसं काय..." मला त्याची कीव आली. चांगला माणूस होता. डोकं ठिकाणावर होतं, घड्याळं बिनचूक लावायचा.

काझींनी निकाल दिला. मेलेलं माणूस तिसरं धरता येत नाही, म्हणून एकांत खरा आणि मेहर पूर्ण, म्हणजे अख्खं घर. तलाकही पक्का, नवा निकाह केल्याशिवाय परत येणं नाही. तीन पाळ्या होईपर्यंत काजवालीला इद्दत पाळावी लागेल, त्या दिवसांचा खर्च घड्याळजीने द्यायचा. मग चष्मा काढून ते हळूच म्हणाले की इद्दत त्याच घरात काढायची असते, कारण नसताना बाहेर राहिली तर खर्चाचा हक्क जातो. आई-लेकाने दुसरीकडे बिऱ्हाड करावं.

काजवालीचा चेहरा उतरला. म्हणजे एकटीने, त्या खोलीत. भीती वाटत असेल तर काझी सवलत देतील, असं मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, घर माझं आहे आणि माझ्या घरातून मी हलणार नाही.

घड्याळजीबरोबर खर्च पोचवायला मी दर महिन्याला जायचो. तो उंबऱ्याबाहेरच थांबायचा. पहिल्या महिन्यात काजवालीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. दुसऱ्या महिन्यात ती दारातच काजं करत बसलेली दिसली. तिसऱ्या खेपेला तिने इद्दत संपल्याचं सांगितलं. त्यात तिचाच शब्द प्रमाण, मी नोंद केली. आत पडदा होता तसाच होता.

निघताना घड्याळजीने खालमानेने विचारलं, "खाला कशी आहे?"

मी तिच्याकडे बघितलं. आता ही फटकळ बाई याला झाडणार.

काजवालीने सुई कापडात टोचून ठेवली. "बरी आहे," ती म्हणाली. "आता ती माझ्याकडे असते. तुम्ही खुशाल लग्न करा."

घड्याळजी तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. ती हे दयेपोटी बोलली की ते खरंच होतं, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.