कानसेनताईंचा एक कान

आमच्या इस्पितळात डॉक्टर रिपोर्ट बोलून रेकॉर्ड करतात आणि ताई ते ऐकून टाइप करतात. डॉक्टर तोंडात पेन धरून बोलोत, जांभई देत बोलोत, ताईंच्या रिपोर्टात चूक सापडायची नाही. म्हणून आम्ही त्यांना कानसेन म्हणतो. मी तिथला कॉम्प्युटरवाला. म्हणजे काही बंद पडलं की सगळ्यांच्या शिव्या खाणारा.

ताईंच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. घरात दोघीच. विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "उद्याचं काम घरून करून दाखवा. संध्याकाळपर्यंत सगळे रिपोर्ट आले तर पुढेही घरून. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल." मी लॅपटॉप लावून दिला, ऑफिसच्या कॉम्प्युटरला घरून कसं जोडायचं ते दाखवलं आणि निश्चिंत झालो. आता बोला!

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या रिकाम्या टेबलावरून डॉक्टरांचा आवाज घुमायला लागला. कुणाच्या तरी पित्ताशयातले खडे, तेही पेशंटचं नाव घेऊन! मॅडम धावत आल्या. मी स्पीकरची वायर उपटली आणि ताईंना फोन लावला.

"भाऊ, मला काहीच ऐकू येईना हो. मी आवाज वाढवतेच आहे."

"ताई, तो इथे वाढतोय! जोडण्याआधी आवाजाच्या सेटिंगमध्ये काय निवडलंत?"

"तिकडच्या कॉम्प्युटरवर वाजवा. रेकॉर्डिंग तिकडेच आहे ना? जिथे टेप तिथे आवाज."

जन्म टेप ऐकण्यात गेलेल्या बाईला तेच वाटणार. मी त्यांना जोडणी तोडायला लावली, 'या कॉम्प्युटरवर वाजवा' निवडायला लावलं आणि पुन्हा जोडायला सांगितलं. आवाज घरी गेला. मॅडमचा पारा मात्र उतरला नव्हता. "पेशंटची गोष्ट चव्हाट्यावर आली. आज जमलं नाही तर विषय संपला," म्हणाल्या.

तासाभराने पाहतो तर जेमतेम दोन रिपोर्ट आलेले. हा ताईंचा वेग नव्हे. मला राहवेना. अडगळीतला एक मॉनिटर मॅडमना विचारून उचलला आणि ताईंचं घर गाठलं.

ताई लॅपटॉपला नाक लावून बसल्या होत्या. अक्षरं मुंगीएवढी! एकाच पडद्यावर जुना रिपोर्ट आणि नवा असे दोन्ही मावावेत म्हणून त्यांनी लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आकार, कमी करून ठेवलं होतं. मग ऑफिसच्या पडद्यात शिरून ते वाढवायला गेल्या, तर तिथे बदलूच देईना. "देणारच नाही," मी म्हटलं, "तो आकार इथून जातो. लॅपटॉपवर ठरवायचा आणि मग जोडायचं."

मॉनिटर लावला, स्केलिंग पूर्ववत केलं, 'सगळे मॉनिटर वापरा' यावर खूण केली आणि जोडलं. दोन्ही पडदे भरले. पण रिपोर्टचा जुनाट प्रोग्रॅम? धुरकट! तो लॉगिन करताना जो आकार घेतो तोच धरून बसतो. खिडकी बंद केल्याने लॉगिन संपत नाही. पूर्ण साइन आउट करून पुन्हा आत शिरलो, तेव्हा अक्षरं लख्ख झाली.

"अगंबाई! डोळे परत मिळाले मला," ताई हसल्या. हेडफोन चढवून त्या सुटल्या. त्यांना टाइप करताना बघणं हे खरंच सुख आहे. सांगतो ना, आमच्या अख्ख्या इस्पितळात मला सगळ्यात जास्त त्यांचाच अभिमान वाटतो.

तेवढ्यात माझं लक्ष पलीकडच्या खाटेकडे गेलं. ताईंच्या आई, म्हणजे आजी, ओठांवरून जीभ फिरवत होत्या. पाण्याचा तांब्या हात पोहोचणार नाही इतका लांब होता.

"आजी, हाक का नाही मारली?"

"ती डॉक्टरांचं ऐकते आहे रे," आजी कुजबुजल्या. "माझ्यापायी तिची नोकरी गेली तर? सकाळपासून गप्प आहे मी. भागतं माझं."

ताईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना सांगितलं. त्यांनी हेडफोन काढले, आईला पाणी पाजलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

मी लॅपटॉपवर दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र केला, म्हणजे एका कानातही सगळं ऐकू येतं. माझ्याच खिशातला इअरफोन काढून त्याचं एकच बोंड त्यांच्या डाव्या कानात दिलं. लॅपटॉप खाटेकडे वळवला. उजवा कान आईच्या बाजूला आला.

ऊन उतरायच्या आत सगळे रिपोर्ट गेले. मॅडमचा फोन आला. "पित्ताशय सोडून सगळं छान. उद्याचं काम पाठवते." ताईंनी फोन ठेवला आणि आईकडे वळून म्हणाल्या, "आता हाक मारत जा गं. हा कान तुझाच आहे."

आजींनी घसा साफ केला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं, पाठ दुखतेय माझी. ये इकडे."

ताई हातातलं टाकून धावल्या.