घडीत गेलेली चिन्हं

सकाळी साडेसातला दूध वर यायच्या बेतात होतं, सासूबाई चष्मा शोधत होत्या आणि दारावर थाप पडली. एवढ्या सकाळी कोण, म्हणत भिंगताईने गॅस बारीक केला आणि दार उघडलं.

तिला काम देणाऱ्या ऑफिसचा तपासनीस. हातात लाल शाईने रंगवलेला कागद.

भिंगताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरी बसून ती स्कॅन केलेली कोष्टकं कॉम्प्युटरवर उतरवून देते. अकरा वर्षं झाली. पडद्यावर मोठं करून दिसत असलं, तरी पान छापून भिंग लावल्याशिवाय तिचं समाधान होत नाही, म्हणून हे नाव. आधी छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथे डोळ्यांना जी खोड लागली ती सुटली नाही.

"ताई, एक्केचाळीस चुका," तपासनीस उभ्यानेच म्हणाला. "किमतीच्या यादीत चलनाचे एक्केचाळीस रकाने रिकामे. हे धरून असं दोनदा झालंय. तिसऱ्यांदा झालं तर काम दुसरीकडे जाईल, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलंय."

"बसा तरी."

प्रयोगशाळेच्या काचसामानाची ती यादी. काही माल इथला, काही बाहेरचा. म्हणून एकाच रकान्यात कुठे रुपये, कुठे डॉलर, कुठे युरो. आकडा एका रकान्यात आणि चलन शेजारच्या वेगळ्या रकान्यात, अशी तिने मांडणी केली होती. रूपांतर कुठेच केलं नव्हतं. मूळ किंमत मूळ चलनात राहिली पाहिजे, हे तिचं तत्त्व.

"यादीची बाकीची पानं करणाऱ्यांनी कसं भरलं मग?" तपासनिसाने विचारलं. "त्यांच्याकडे एक रकाना रिकामा नाही."

"भरलं असेल. बरोबर आहे का, ते कोणी पाहिलं?" तिने आपली फाईल उघडली. "हे बघा, स्कॅनवरून यंत्राने आपोआप वाचलेला पहिला मसुदा. साडेचारशे रुपयांच्या नळीची किंमत सात हजार चारशे पन्नास. रुपयाच्या चिन्हाला यंत्र सात समजलं. वरची नळी चारशे तीसची, खालची चारशे सत्तरची; मधली एकदम सोन्याची झाली का? आणि हा बाहेरचा फ्लास्क. तिकडच्या छपाईत हजारानंतर टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. बाराशे पन्नास युरो. यंत्राने केले सव्वा!"

"सव्वा युरोत मला दोन आणा," सासूबाई आतून म्हणाल्या. "चष्मा सापडला की फुलं ठेवीन त्यात."

तपासनिसाला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. "ते ठीक. पण हे एक्केचाळीस?"

"सगळे नवव्या पानावरचे. पुस्तक जोडपानाचं आहे. मालाची नावं डाव्या पानावर, किमती उजव्या पानाच्या डाव्या कडेला. स्कॅन करणाऱ्याने पुस्तक नीट दाबलं नाही, त्यामुळे उजव्या पानाची डावी कड घडीत गेली. आकडे आले, आकड्याआधीची चिन्हं बुडाली. युरो या यादीत आकड्यानंतर छापलाय, म्हणून तो वाचला. म्हणजे उरलेत रुपये किंवा डॉलर. कुठला कुठे, ते मला दिसत नाही."

"बहुतेक ओळी रुपयाच्या आहेत. रुपये भरून टाका ना! खाली सही करा, की चिन्ह नसेल तिथे रुपये धरले."

त्याने कागद पुढे सरकवला. पेनही.

तिने पेनाला हात लावला नाही. "पंच्याऐंशी रुपयांची पिपेट आणि पंच्याऐंशी डॉलरची पिपेट यांत फरक किती, ते खरेदी करणाऱ्याला विचारा. तो पंच्याऐंशी रुपये समजून शंभर मागवेल, आणि बिल आल्यावर कपाळाला हात लावेल. तेव्हा माझी सही दाखवणार ना तुम्ही?"

"अहो, पण रिकामा रकाना म्हणजे चूक, हा नियम आहे."

"नुसता रिकामा सोडलेला नाही. शेजारच्या शेऱ्यात मी 'चिन्ह दिसत नाही' असं लिहिलंय. न दिसलेलं दिसलं म्हणणं, ही चूक. ती माझ्याकडून होणार नाही."

"काम गेलं तरी?"

या कामावर घर चालत होतं. पण आवाज हलला नाही. "गेलं तर गेलं. खोटं लिहून टिकवायचं असतं, तर अकरा वर्षं डोळे कशाला फोडले असते?"

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चष्मा न सापडताच. "अहो दादा, तिला ढकलू नका. मलाही आजवर हलवता आलेली नाही."

तपासनिसाने पेन खिशात घातलं. लाल रेघा पुन्हा एकदा वाचल्या, मग तिने छापलेलं नववं पान उजेडाकडे धरलं. घडीची काळी पट्टी त्यालाही दिसली असावी, कारण त्याचा सूर उतरला. "मग मी साहेबांना काय सांगू? तुम्हाला नक्की हवंय काय?"

"पुस्तक ऑफिसातच आहे ना? घडी नीट दाबून नवव्या पानाचा स्कॅन पुन्हा काढा आणि मला पाठवा. एवढं एकच पान."