एकच ‘म्हणाले’

दिवाळी अंकासाठी दिलेली माझी कथा नारायण पेठेतल्या संपादकांनी वाचली, त्यातले सगळे ‘म्हणाला’, ‘म्हणाले’ पेन्सिलीने खोडले आणि विचारलं, “आता सांगा, यात बाप कोण आणि आयटीतला मुलगा कोण? दोघंही आपल्यासारखंच बोलतायत.”

मला रागच आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतताना कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटून बसलो. मिटल्या पापण्यांपलीकडे दिवे विरघळत होते आणि लोणी काळभोरचे माझे वडील कानात हळूहळू बोलू लागले. घरी येऊन तसंच उतरवलं.

“कवा आलास? भाकर हाय ठिवलेली.”

“नको, ऑफिसमध्येच डिनर झालं.”

“बरं. ऱ्हातोस न्हवं आज?”

“नाही, सकाळी मीटिंग आहे.”

या वेळी संपादकांनी एकच ‘म्हणाले’ राहू दिलं, शेवटच्या ओळीतलं: वडील काहीच म्हणाले नाहीत.